संशोधन आराखडा नीतिसमितीच्या फॉर्ममध्ये बसवताना



डी.एड.ला आपण सगळ्यांनीच कृतिसंशोधन केलं आहे. शीर्षक, समस्येचं विधान, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, व्याप्ती व मर्यादा, नमुना निवड, साधने, कार्यपद्धती हा क्रम आपल्याला तोंडपाठ असतो. पण एखाद्या महाविद्यालयाबरोबर किंवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी संशोधन करायचं ठरलं, की समोर एथिक्स कमिटीचा, म्हणजे नीतिसमितीचा फॉर्म येतो. त्यातले रकाने वेगळेच असतात: सहभागी कोण, त्यांच्यापर्यंत कसे पोचणार, धोके कोणते, लाभ कोणाला, संमती कशी घेणार, माहिती कुठे ठेवणार. बरेच जण जुन्या आराखड्यातले परिच्छेद उचलून या रकान्यांत टाकतात आणि फॉर्म शंकांसह परत येतो.

गेल्या वर्षी मी एका महाविद्यालयाच्या मार्गदर्शकांसोबत असा फॉर्म भरला. तो अनुभव इथे सविस्तर मांडते, कारण आपल्यापैकी अनेकांना पुढेमागे हे करावं लागणार आहे. पालकांनीही वाचावं. तुमच्या मुलावर कोणी अभ्यास करणार असेल, तर काय विचारायचा तुम्हाला हक्क आहे ते यातून कळेल.

आमचा विषय

मी तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात २६ मुलं. सगळ्यांच्या घरी गोरबोली, पुस्तकात मराठी. माझा प्रश्न साधा होता: गोष्ट आधी गोरबोलीत ऐकली आणि मग मराठीत वाचली, तर मुलांना ती जास्त समजते का?

मूळ आराखडा आपल्या नेहमीच्या पद्धतीचा होता. १३ मुलांचा प्रायोगिक गट, १३ मुलांचा नियंत्रित गट, १६ आठवडे उपक्रम, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, वाचनाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग. डी.एड.च्या वहीत हे शोभून दिसलं असतं, कारण तो साचा संशोधनाच्या बाजूने बोलतो: मला काय शोधायचं आहे आणि मी ते कसं शोधणार. नीतिसमितीचा फॉर्म मुलाच्या बाजूने प्रश्न विचारतो: या मुलाचं नेमकं काय होणार आहे, आणि ते नाही म्हणालं तर?

पहिलं काम: एका मुलाचं वेळापत्रक

म्हणून फॉर्म उघडण्याआधी मी एका कोऱ्या कागदावर एकाच मुलाचं वेळापत्रक लिहिलं. या मुलाला कोण बोलावणार, कुठे बसवणार, किती मिनिटं, हातात काय देणार, समोर कोण असणार, काय रेकॉर्ड होणार, नंतर मूल कुठे जाणार. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एकही पायरी न गाळता.

मग प्रत्येक ओळीपुढे एक खूण केली. हे मी संशोधन नसतं तरी केलं असतं का? केलं असतं तर ते शिकवणं. फक्त अभ्यासासाठी करत असेन तर ते संशोधन. ही रेघ फार कामाची आहे. गोष्ट सांगणं हे शिकवणं, ते सगळ्यांसाठी. वाचनाचं रेकॉर्डिंग करणं आणि त्याचे गुण अभ्यासात वापरणं हे संशोधन, ते फक्त संमती असलेल्यांसाठी. संमती नसलेल्या मुलाचं काय करणार, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. ते मूल गोष्टीला सगळ्यांबरोबर बसणार, फक्त त्याचं रेकॉर्डिंग होणार नाही.

याच कागदामुळे आराखड्यातल्या दोन गोष्टी बदलाव्या लागल्या.

पहिली म्हणजे नियंत्रित गट. फॉर्ममधल्या लाभाच्या रकान्यात १३ मुलांपुढे 'गोरबोलीतून गोष्टी' असं लिहिलं, आणि उरलेल्या १३ मुलांपुढे लिहायला काहीच नव्हतं. एकाच वर्गात निम्म्या मुलांना बाहेर कसं बसवणार? मार्गदर्शकांशी बोलून रचना बदलली. आठ आठवडे, आठवड्यातून तीन गोष्टी, म्हणजे एकूण २४. त्यातल्या १२ गोष्टी आधी गोरबोलीत आणि मग मराठीत, १२ गोष्टी दोन्ही वेळा मराठीतच. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात प्रत्येक मूल दोन उतारे वाचणार, एक या प्रकारच्या गोष्टीतला, एक त्या. तुलना मुलामुलांत न होता एकाच मुलाच्या दोन वाचनांत होणार. त्यामुळे कोणी वंचित राहत नाही. शिवाय एक गट मुळातच हुशार होता का, ही शंकाही उरत नाही.

दुसरी गोष्ट कालावधी. फॉर्ममध्ये 'सहभागी मध्येच बाहेर पडल्यास' असा रकाना असतो. आमच्या तांड्यावर त्याचं उत्तर ऊसतोडीत आहे. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात आणि काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात. १६ आठवड्यांचा उपक्रम डिसेंबरपर्यंत गेला असता आणि निम्मी मुलं मध्येच नाहीशी झाली असती. म्हणून आठ आठवडे, ऑगस्टमध्ये सुरू करून दसऱ्याच्या आत संपणारे.

जुने भाग कुठे गेले

'गरज व महत्त्व' चार पानांचं होतं, त्याच्या दहा ओळी झाल्या. समितीत डॉक्टर-प्राध्यापकांबरोबर कायद्याची जाणकार व्यक्ती असते आणि एक सामान्य नागरिकही असतो. त्या नागरिकाला दहा ओळींत समजलं पाहिजे.

'नमुना निवड' या एका भागाचे तीन तुकडे झाले. कोणती मुलं, हीच का, आणि त्यांच्यापर्यंत कोण पोचणार. 'व्याप्ती व मर्यादा' दोन ठिकाणी विभागली गेली. एकाच शाळेवरून सगळ्या तांड्यांबद्दल बोलता येणार नाही, ही मर्यादा पद्धतीच्या रकान्यात गेली. वाचता न आल्याने मूल खजील होऊ शकतं, हे धोक्यांच्या रकान्यात गेलं. उतारे आणि प्रश्न म्हणजे आपली 'साधने' जोडपत्रं झाली. संमती, धोके आणि गोपनीयता हे भाग मात्र कोरेच होते. आपल्या डी.एड.च्या साच्यात त्यांना जागाच नाही.

विचारणार कोण?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली माणसांवरच्या संशोधनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि मुलांसाठी वेगळीही दिली. ती आरोग्य संशोधनासाठी असली, तरी शिक्षणातल्या अभ्यासासाठी अनेक समित्या त्यांचाच आधार घेतात. त्यांत मुलं हा विशेष जपण्याचा गट मानला आहे. आपल्या बाबतीत ही गोष्ट दुप्पट होते, कारण ही मुलं आपलीच विद्यार्थी असतात. वर्गशिक्षिका कागद घेऊन दारात आली, तर तांड्यावरची कोणती आई नाही म्हणेल? तिला वाटणार, नाही म्हटलं तर बाई पोराकडे बघणार नाहीत. ती सही आदरापोटी किंवा भीतीपोटी झालेली असते, तिला संमती म्हणता येत नाही.

म्हणून 'सहभागींची निवड' या रकान्यात मी स्वतःला बाजूला काढलं. पालकांशी बोलणं, कागद गोळा करणं आणि रेकॉर्डिंग करणं हे तिन्ही पहिलीच्या मॅडम करतील असं ठरलं. चौथीचे सरही तयार होते, पण पुढच्या वर्षी हीच मुलं त्यांच्या वर्गात जाणार, म्हणजे तोच दबाव राहिला असता. पहिलीच्या मॅडमच्या हातून ही मुलं पुढे गेली आहेत, आणि त्या स्वतः गोरबोली बोलतात.

अजून एक काळजी होती. ज्यांची संमती आहे तीच मुलं बाजूच्या खोलीत बोलावली, तर कोण नाही म्हणालं हे सगळ्या वर्गाला दिसणार. म्हणून २६ ही मुलं एकेक करून त्या खोलीत जाणार आणि सगळी वाचणार. संमती नसेल तिथे रेकॉर्डर बंद राहणार आणि गुणांची नोंदही होणार नाही. वर्गात बसलेल्या मला कोणाचं काय झालं ते कळणार नाही. मार्गदर्शकांकडून माझ्याकडे फक्त संकेतांक घातलेले गुण येतील, तेही वार्षिक निकाल लागल्यानंतर.

हे सगळं करायला एक सहकारी लागतो. एकशिक्षकी शाळेत हे जमणार नाही. तिथे शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला किंवा महाविद्यालयातल्या कोणाला तरी यावं लागेल, आणि तसं फॉर्ममध्ये लिहावं लागेल.

संमतीपत्र म्हणजे परिपत्रक नव्हे

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्याध्यापकांचं किंवा शिक्षण विभागाचं पत्र सांगतं, की शाळेच्या आवारात हा अभ्यास करायला हरकत नाही. ते पत्र जोडपत्रात लागतंच. पण पालकांच्या वतीने मुख्याध्यापक हो म्हणू शकत नाहीत. प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेला 'शाळेच्या सर्व उपक्रमांस संमती आहे' हा कागदही इथे चालत नाही. कशाला हो म्हणतोय हे तेव्हा पालकाला माहीतच नसतं.

भाषाही बदलावी लागते. आपल्या हाताला सवय परिपत्रकाची असते: "सर्व पालकांना कळविण्यात येते की, आपल्या पाल्याची वाचन चाचणी घेण्यात येणार असून सहकार्य करावे." या वाक्यात नाही म्हणायला जागाच नाही. फॉर्मला जोडलेल्या पत्रातला मुख्य भाग असा होता:

"तुमच्या मुलाचं वाचन आम्ही दोन वेळा रेकॉर्ड करू इच्छितो. प्रत्येक वेळी साधारण दहा मिनिटं लागतील. फक्त आवाज रेकॉर्ड होईल, फोटो किंवा व्हिडिओ नाही. याचे गुण प्रगतिपुस्तकात धरले जाणार नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तरी मूल गोष्टींच्या तासाला सगळ्यांसारखंच बसेल. आता हो म्हणून नंतर नाही म्हणायचं असेल, तर ३० एप्रिलपर्यंत पहिलीच्या मॅडमना नुसतं सांगा, कारण द्यायची गरज नाही. या अभ्यासाबद्दल तुम्हाला पैसे मिळणार नाहीत."

वाक्यं छोटी आहेत, कारण हे पत्र बहुतेक पालकांना वाचून दाखवायचं होतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तटस्थ आणि साक्षर साक्षीदार लागतो. तो सगळं बोलणं होईपर्यंत हजर राहतो, पालक अंगठा देतात आणि साक्षीदार सही करतो. साक्षीदार तटस्थ पाहिजे, म्हणजे शाळेतला शिक्षक चालणार नाही. आम्ही तांड्यावरच्या बारावी शिकलेल्या एका मुलीचं नाव सुचवलं. तिचं कोणी भावंडं आमच्या शाळेत नाही. गोरबोलीत काय सांगणार, तेही देवनागरीत लिहून त्याच्या मराठी अर्थासह जोडलं. नाहीतर समितीने एक मजकूर मंजूर करायचा आणि पालकांनी दुसराच ऐकायचा, असं होतं.

पालकांनंतर मुलाची पाळी. पालकांची ती संमती आणि मुलाचा तो होकार, या दोन्ही वेगळ्या नोंदी आहेत. आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. १२ च्या पुढे १८ पर्यंत तो लेखी लागतो. तिसरीची मुलं आठ-नऊ वर्षांची, म्हणजे तोंडी. पण तांड्यावर आईसमोर दिलेला होकार महिन्याभराने खोलीत बसल्यावर टिकेलच असं नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी मॅडम परत विचारणार: "आज मशीन चालू करू का बंद ठेवू? बंद ठेवलं तरी चालतं." मुलाने मान हलवली, गप्प राहिलं किंवा रेकॉर्डरकडे बघून आक्रसलं, तर त्याचा अर्थ नाही असाच घ्यायचा. पालकांनी हो म्हटलंय म्हणून मुलाचं नाही बाजूला सारायचं नाही, हे वाक्य फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं.

यात एक अवघड गाठ होती. काही मुलं वर्षभर आजीकडे असतात, आईवडील बाहेर. आजी सांभाळते, पण कायद्याने ती पालक असेलच असं नाही, त्यामुळे फक्त तिचा अंगठा पुरत नाही. आम्ही पालकांच्या भेटी जुलैत ठेवल्या, तेव्हा बरीच कुटुंबं तांड्यावर असतात. तरी ज्यांचे आईवडील भेटणार नाहीत, त्यांचं रेकॉर्डिंग करायचं नाही असं ठरलं. याचा एक तोटा आहे. ज्या मुलांना घरी सर्वांत कमी आधार आहे, तीच मुलं अभ्यासातून गळू शकतात आणि निष्कर्ष थोडे जास्त चांगले दिसू शकतात. ही गोष्ट आम्ही पद्धतीच्या रकान्यात मर्यादा म्हणून लिहून टाकली.

'कोणताही धोका नाही' असं लिहू नका

धोक्यांच्या रकान्यात हे वाक्य लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण आपण सुई टोचत नाही की औषध देत नाही. पण समिती एवढंच बघत नाही. रोजच्या आयुष्यात जेवढी अस्वस्थता किंवा हानी होण्याची शक्यता असते, त्याहून जास्त नसेल तर तो 'किमान धोका' समजतात. किमान धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. आणि या वर्गवारीवरून फॉर्मचा पुढचा रस्ता ठरतो: पूर्ण समिती बसणार की काही सदस्य लवकर तपासणार, आणि एका पालकाची संमती पुरेल की दोघांची लागेल. आमच्यासारख्या किमान धोक्याच्या अभ्यासाला सर्वसाधारणपणे एका पालकाची संमती पुरते.

धोके शोधायला मी परत त्या वेळापत्रकाच्या कागदाकडे गेले. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहिले: इथे काय बिघडू शकतं, ते होऊ नये म्हणून आधी काय करणार, आणि तरीही झालं तर त्याच क्षणी काय करणार? तिसरा प्रश्न बहुतेक फॉर्ममध्ये राहून जातो. 'मुलांची काळजी घेतली जाईल' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. उत्तरात कोण, केव्हा आणि काय करणार हे यायला हवं.

आमच्या अभ्यासातला सर्वांत खरा धोका म्हणजे वाचताना अडकलेल्या मुलाची लाज. आधीची काळजी अशी: खोलीत मॅडमशिवाय कोणी नसेल, घड्याळ मुलाच्या समोर नसेल, 'लवकर' किंवा 'चूक' हे शब्द वापरायचे नाहीत. झालं तर: सलग तीन शब्दांवर मूल अडलं किंवा दहा सेकंद गप्प बसलं, तर मॅडम पुस्तक स्वतःकडे घेतील, उरलेलं वाचून दाखवतील आणि मुलाला एक ओळखीचं सोपं वाक्य वाचायला देतील. म्हणजे मूल खोलीतून बाहेर पडताना वाचूनच पडेल. मूल रडलं तर रेकॉर्डिंग तिथेच संपलं, त्या दिवशी परत बोलवायचं नाही.

दुसरा धोका रेकॉर्डिंग बाहेर जाण्याचा. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर 'बघा आमच्या मुलाचं वाचन' असं कौतुकाने टाकलं जातं, आणि अडखळणाऱ्या मुलाचं तेच वाचन चेष्टेचा विषय होतं. म्हणून स्वतःचा मोबाईल वापरायचा नाही. मोबाईलमधल्या फाईली आपोआप गूगल ड्राइव्हवर चढू शकतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. महाविद्यालयाने दिलेला साधा व्हॉइस रेकॉर्डर, त्याच दिवशी मार्गदर्शकांच्या संगणकावर पासवर्डखाली, आणि रेकॉर्डरमधून पुसणं. पुसल्याची तारीख आणि सही एका वहीत.

तिसरा धोका मला आधी धोका वाटला नव्हता. समजा वाचताना मॅडमना दिसलं, की मूल अक्षर ओळखायला पान नाकाशी धरतंय. किंवा प्रश्न नीट ऐकूच येत नाहीये. गुण तर गोपनीय ठेवायचे आहेत, मग हे कळूनही गप्प बसायचं? आम्ही लिहिलं, की अशी गोष्ट मॅडम थेट पालकांना सांगतील आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा मुलाला दाखवतील. गुण सांगायचे नाहीत, पण मुलाच्या उपयोगाची गोष्ट दडवायचीही नाही.

गोपनीयतेला एक सीमा असते

आपण सहज लिहून जातो, 'मुलाने सांगितलेलं कोणालाही कळणार नाही.' हे वाक्य धोक्याचं आहे. खोलीत मूल एकटं आहे, समोर ओळखीच्या मॅडम आहेत, आणि गोष्ट एखाद्या रागीट माणसाची आहे. मूल सहज काहीतरी सांगून जाऊ शकतं. ते लैंगिक अत्याचाराबद्दल असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'आम्ही गुप्ततेचं वचन दिलं होतं' हे कारण चालत नाही. म्हणून पत्रात असं लिहिलं: "मुलाच्या वाचनाबद्दलची माहिती आम्ही कोणाला सांगणार नाही. मात्र मुलाला कोणी इजा करत असल्याचं कळलं, तर त्याच्या सुरक्षेसाठी आम्हाला ते कळवावं लागेल." सोबत मॅडमनी त्या वेळी काय करायचं, तेही लिहिलं: खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे, त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि मार्गदर्शकांना सांगून पोलिसांना कळवायचं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांकही त्या कागदावर होता.

दुसरी सीमा आकड्याची. २६ मुलांच्या तांड्यात 'निनावी' असं काही नसतं. अहवालात 'आजीकडे राहणारी, दोन वर्षं फडावर गेलेली मुलगी' असं लिहिलं, तर तांड्यावरचा प्रत्येक जण नाव सांगेल. म्हणून फॉर्ममध्ये 'निनावी' न लिहिता 'ओळख लपवलेली' असं लिहिलं. मुलांची एकेकटी वर्णनं अहवालात द्यायची नाहीत, असंही ठरवलं. नाव आणि संकेतांकाची यादी मॅडमकडे कुलपात राहील आणि ३० एप्रिलला नष्ट होईल.

शेवटची तपासणी

फॉर्म पूर्ण झाल्यावर मी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले: फॉर्म, पालकांचं पत्र आणि मुलाला विचारायचा मजकूर. एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहिल्या. किती मुलं, किती वेळा रेकॉर्डिंग, किती मिनिटं, माघार कधीपर्यंत, यादी कधी नष्ट. प्रत्येक कागदात या पाचही गोष्टी शोधून खूण केली. शेवटच्या दोन तारखा एकच असायला हव्यात, कारण यादी नष्ट झाल्यावर कोणाचे गुण कोणते हेच कळत नाही, मग माघार घेणार कशी? रचना बदलली की फॉर्ममध्ये १६ आठवडे आणि पत्रात आठ असा घोळ हमखास राहतो. समितीतला सामान्य नागरिक शास्त्रीय पद्धतीवर बोलणार नाही, पण हा फरक त्याला लगेच दिसतो, आणि पालकालाही दिसेल.

मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एकही रेकॉर्डिंग करता येत नाही. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही. समितीची बैठक रोज नसते, शंका आल्या की पुढची बैठक. ऑगस्टमध्ये सुरुवात करायची तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच फॉर्म द्यायला हवा. मंजुरीनंतर एखादा उतारा बदलायचा म्हटलं, तरी आधी समितीला कळवावं लागतं.

आणि समितीला कागदापलीकडचं दिसत नाही, हेही खरं. खोलीतलं मूल आक्रसलं की नाही, ते तिथे बसलेल्या मॅडमनाच दिसणार. फॉर्मने एवढंच केलं, की तेव्हा काय करायचं ते आधी ठरलं.

तुमच्याकडे एखादा जुना आराखडा असेल, तर त्यावरून एका मुलाचं वेळापत्रक लिहून बघा. पालकहो, तुमच्या हातात असा कागद आला, तर आधी एवढंच शोधा: 'नाही म्हणालात तरी' या शब्दांनंतर काय लिहिलंय? तिथे काही लिहिलंच नसेल, तर सही करण्याआधी विचारा.